बरहुकूम

औषध रुग्णाच्या मुखात वा नसेत जाण्यापूर्वी पाच गोष्टींची खातरजमा करावी, हा परिचर्येच्या शिक्षणातील इतका जुना दंडक आहे की, कोणत्याही रुग्णालयातील कोणत्याही परिचारिकेस झोपेतून उठवून विचारले तरी ती तो बोटांवर मोजून दाखवील: रुग्ण तोच, औषध तेच, मात्रा तीच, मार्ग तोच आणि वेळ तीच. पुढे पाठ्यपुस्तकांनी या पाचांत नोंद, कारण, परिणामाचे निरीक्षण, रुग्णाचा नकाराचा अधिकार अशी भर घालीत हा आकडा कोठे सातावर तर कोठे दहावर नेला. परंतु वॉर्डात चलती आहे ती अद्याप पाचांचीच, आणि तीत गैर असे काही नाही, कारण नियम जितका आटोपशीर तितका तो रात्रपाळीच्या तिसऱ्या प्रहरी आठवण्याचा संभव अधिक.

हा नियम पाळावयाचा म्हणजे काय करावयाचे, हे बाहेरच्या माणसास वाटते तितके सरळ नाही. रुग्ण तोच आहे हे ठरविताना खाटेच्या क्रमांकावर भिस्त ठेवावयाची नसते, कारण गर्दीच्या वॉर्डात खाटा रातोरात बदलतात; नाव आणि नोंदणी क्रमांक अशा दोन खुणा केसपेपरशी ताडून पाहावयाच्या असतात. त्यातही नाव विचारण्याची एक रीत आहे. ‘आपण शांताबाई ना?’ असे विचारले की कमी ऐकू येणारी, तापाने ग्लानीत असलेली किंवा केवळ भिडस्त असलेली कोणतीही वृद्धा मान डोलावते, आणि ती शांताबाई नसली तरी डोलावते. म्हणून ‘आपले नाव सांगा’ असे म्हणावयाचे आणि उत्तर तिच्या तोंडून येऊ द्यावयाचे. औषधाची चिठ्ठी तीनदा वाचावयाची: कपाटातून काढताना, पेल्यात घेताना आणि पाकीट परत ठेवताना. एवढे सारे निष्ठेने केले तर चुकीच्या माणसाला चुकीची गोळी जाण्याचे बहुतेक प्रसंग टळतात, हे अनुभवाने सिद्ध आहे.

तरीही या पंचसूत्रीत एक उणीव आहे, आणि ती तिच्या रचनेतच आहे. औषध बरोबर, मात्रा बरोबर असे आपण म्हणतो तेव्हा ते कशाशी बरोबर? डॉक्टरांनी लिहिलेल्या हुकुमाशी. हातातली गोळी आणि कागदावरची ओळ यांचा मेळ बसला की पाचही खुणा होतात. पण ती ओळच सदोष असेल तर पाचही खुणा करूनच, अत्यंत शिस्तीने आणि बरहुकूम, रुग्णाला अपाय करता येतो. या लेखाचा विषय ती ओळ आहे.

मुंबईतील परिचारिकांच्या एका प्रशिक्षण वर्गात सिस्टर-ट्यूटर असलेल्या एक बाई दरवर्षी विद्यार्थिनींपुढे एक बनावट केसपेपर ठेवतात, आणि त्यावर पुरता तास घालवतात. रुग्ण अठ्ठावन्न वर्षांची स्त्री. बोटांचे सांधे सुजून वाकडे करणाऱ्या संधिवाताची जुनी रोगी. मंगळवारी रात्री ताप आणि लघवीची जळजळ यांसाठी दाखल. घरून आणलेल्या औषधांची पिशवी मुलाने निवासी डॉक्टरांच्या टेबलावर उपडी केली आहे. डॉक्टरांनी त्या पाकिटांवरून एकाखाली एक ओळी उतरविल्या आहेत: रक्तदाबाची गोळी, ओडी, आम्लपित्ताची गोळी, ओडी, कॅल्शियम, ओडी, मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, ओडी. शेवटी मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल, दिवसातून दोनदा. खाली सही, तारीख, वेळ. बुधवारी सकाळी आठचा डोस द्यावयाचा आहे. द्यावा की न द्यावा?

पहिल्या बाकावरच्या मुली पाचही गोष्टी तपासतात आणि सारे ठीक असल्याचा निर्वाळा देतात. तो निर्वाळा खोटा नसतो. नाव जुळते, गोळी जुळते, अडीच मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या म्हणजे पंधरा हा हिशेब जुळतो, तोंडाने द्यावयाची आहे, आठ वाजले आहेत. आणि तरीही ती मात्रा सलग आठवडाभर दिली गेली तर ही बाई मरू शकते.

कारण मेथोट्रेक्सेट हे औषध संधिवातात रोज घ्यावयाचे नसते. ते आठवड्यातून एकदा, ठरलेल्या एका वारी घ्यावयाचे असते. पंधरा मिलिग्रॅम ही साप्ताहिक मात्रा म्हणून अगदी सर्वसामान्य आहे, आणि नेमके तेथेच खरे भय आहे. आकडा डोळ्यांना खुपत नाही. शंभर पट मोठी मात्रा लिहिली असती तर कोणीही थबकले असते. येथे आकडा बरोबर आहे, औषध बरोबर आहे, रोग बरोबर आहे. चुकली आहेत ती ‘ओडी’ ही दोन अक्षरे, आणि तीही वरच्या तीन ओळींच्या लयीत हाताने आपोआप लिहिली गेली आहेत. अशा लयीतून झालेली चूक डोळ्यांनीही लयीतच वाचली जाते, असे त्या बाई म्हणतात, आणि ते मला पटते.

या औषधाचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. शरीरातील ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना नवे जनुकद्रव्य घडविण्यासाठी फोलिक आम्लाच्या एका सिद्ध रूपाची गरज असते, आणि ते रूप तयार करणाऱ्या विकराची वाट मेथोट्रेक्सेट अडवून धरते. आठवड्यातून एकदा थोडी मात्रा दिली तर सांध्यांचा दाह शमतो आणि मधल्या सहा दिवसांत अस्थिमज्जा व आतड्यांचे अस्तर सावरून घेतात. रोज दिली तर सावरण्यास अवकाशच उरत नाही. मग तोंडात व्रण पडतात, जुलाब लागतात, श्वेतपेशी आणि बिंबाणू घसरतात, आणि ज्या रुग्णाला आपण संसर्गासाठी दाखल केले त्याच्याजवळ संसर्गाशी लढण्यास काही राहत नाही. तोंडातले व्रण ही बहुधा पहिली खूण. पण आजारी वृद्धेच्या तोंडातील व्रणांकडे सहसा बुरशी किंवा जीवनसत्त्वांची कमतरता म्हणून पाहिले जाते आणि मलम लिहून दिले जाते, म्हणून ती खूणही वाया जाते.

बाईंच्या केसपेपरात आणखी दोन काटे पेरलेले आहेत. रक्ततपासणीच्या कागदावर क्रिॲटिनिन १.९ आहे, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावले आहे, आणि मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर जाते ते मुख्यत्वे मूत्रपिंडांवाटे. शिवाय को-ट्रायमोक्साझोल हे स्वतःच फोलिक आम्लाच्या त्याच मार्गावर आघात करणारे औषध असून ते मेथोट्रेक्सेटचे उत्सर्जनही रोखते. ही जोडी साप्ताहिक मात्रेसहसुद्धा टाळावयाची असते. म्हणजे ‘ओडी’ खोडून ‘दर सोमवारी’ असे लिहिल्याने पत्रक निर्दोष होत नाही. एक चूक सापडली की शोध थांबविण्याचा मोह सर्वांना होतो. वर्गातील हुशार मुलीही तेथेच फसतात.

ज्या मुलीला दोष दिसतो तिला तो कसा दिसतो, हे मी तासानंतर विचारून पाहिले. पाठांतराने दिसतो असे नव्हे. पाच प्रश्नांपूर्वी ती आणखी एक प्रश्न विचारते: या बाईला हे औषध कशासाठी? कारण सापडले की दुसरा प्रश्न ओघाने येतो की, या कारणासाठी नेहमी किती आणि कितीदा देतात. आणि तिसरा की, ही बाई घरी काय घेत होती. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदात नसले तरी खाटेवर असते. ‘मावशी, ही पिवळी गोळी तुम्ही कधी घेता?’ असे विचारले तर रुग्ण सांगते, ‘सोमवारी. सहा गोळ्या एकदम. परवाच घेतल्या.’ रुग्णाच्या या एका वाक्यात निवासी डॉक्टरांच्या चार ओळींहून अधिक माहिती आहे, आणि ती मिळविण्यास अर्धे मिनिट पुरते. पाकीटही साक्ष देते: चार आठवड्यांसाठी चोवीस गोळ्या लागतात, रोजच्या हुकुमाने आठवड्यालाच बेचाळीस लागल्या असत्या. रुग्णालयाच्या औषधालयात इंडेंट पाहणाऱ्या औषधनिर्मात्याला हाच बेचाळीसचा आकडा खटकावयास हवा, आणि जेथे औषधनिर्माता केवळ खोके मोजून देणारा भांडारी नसून हुकूम वाचणारा माणूस असतो तेथे तो खटकतोही.

संधिवातातील साप्ताहिक मेथोट्रेक्सेट रोज दिले जाणे हा अपघात आपल्याकडेच घडतो असे नाही. इंग्लंडमध्ये कर्करोगाखेरीज अन्य रोगांत या औषधाची अतिमात्रा होणे हा प्रकार ‘कदापि घडू नये’ अशा घटनांच्या सरकारी यादीत नमूद आहे, आणि २०२० साली तेथील औषध नियामकांनी पत्रकावर, आणि शक्यतो पाकिटावरही, आठवड्याचा वार लिहिला जावा असा आग्रह धरला. ज्या कुळातून हे औषध आले त्याचा आरंभ मात्र भारतीय माणसाशी निगडित आहे. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख असताना त्यांच्या सहकाऱ्यांनी फोलिक आम्लविरोधी द्रव्ये सिद्ध केली, आणि त्यांतील अमिनोप्टेरिन वापरून बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्तकर्करोगाने ग्रासलेल्या बालकांचा रोग काही काळ मागे हटविल्याचे १९४८ साली जाहीर केले. मेथोट्रेक्सेट त्याचेच धाकटे भावंड. फार्बर यांनी उभारलेल्या संस्थेला पुढे डाना-फार्बर कर्करोग संस्था हे नाव मिळाले, आणि हुकुमाच्या चुकीचा जो इतिहास जगभरच्या परिचारिकांना शिकविला जातो तोही, योगायोगाने म्हणा, याच संस्थेत घडला.

बेट्सी लेहमन या ‘बोस्टन ग्लोब’ वृत्तपत्राच्या आरोग्यविषयक स्तंभलेखिका. वय एकोणचाळीस, व्याधी स्तनाचा कर्करोग. १९९४ च्या अखेरीस त्यांच्यावर प्रायोगिक उपचार चालू होते, आणि त्यात सायक्लोफॉस्फमाइड हे औषध शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला चार ग्रॅम या प्रमाणात, चार दिवसांत विभागून द्यावयाचे होते. हुकूम लिहिताना ती चार दिवसांची एकूण मात्रा रोजची मात्रा ठरली. चारही दिवस चौपट औषध गेले. ३ डिसेंबर रोजी लेहमन मरण पावल्या, आणि दुसऱ्या एका रुग्ण स्त्रीलाही तशीच अतिमात्रा मिळाल्याचे पुढे निष्पन्न झाले. दोष उघडकीस आला तो १९९५ च्या फेब्रुवारीत, चाचणीची माहिती नोंदविणाऱ्या एका कारकुनी कामात. म्हणजे तोवर तो हुकूम वाचलेल्या, औषध तयार केलेल्या आणि ते टोचलेल्या कोणाही तज्ज्ञाला तो दिसला नव्हता. हे लोक अडाणी वा निष्काळजी नव्हते. प्रत्येकाने आपल्या हातातील वस्तू आधीच्या माणसाच्या कागदाशी ताडून पाहिली आणि ती जुळली. मूळ उपचारयोजनेचा दस्तऐवज उघडून त्याच्याशी तो कागद कोणी रुजू केला नाही. त्यानंतर त्या संस्थेने संगणकावरील हुकुमांना कमाल मात्रेची मर्यादा घातली, हे योग्यच झाले. परंतु अशी मर्यादा आमच्या केसपेपरातील पंधरा मिलिग्रॅमला कशी अडविणार? तो आकडा कोणत्याही मर्यादेच्या आतच आहे.

दोष दिसणे ही निम्मी गोष्ट झाली. उरलेली निम्मी अधिक अवघड, कारण ती माणसामाणसांतील आहे. १९६६ साली अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वॉर्डात एकट्या असलेल्या बावीस परिचारिकांना, निरनिराळ्या वेळी, कोणा अपरिचित ‘डॉ. स्मिथ’ यांचा दूरध्वनी आला: अमुक रुग्णाला ॲस्ट्रोटेनचे वीस मिलिग्रॅम द्या, मी थोड्या वेळात येऊन सही करतो. ॲस्ट्रोटेन नावाचे औषध अस्तित्वातच नव्हते. प्रयोगासाठी निरुपद्रवी साखरेच्या गोळ्यांवर ती चिठ्ठी लावली होती, आणि तिच्यावर कमाल दैनिक मात्रा दहा मिलिग्रॅम असे स्वच्छ छापलेले होते. तोंडी हुकूम घेणे नियमबाह्य होते, औषध वॉर्डाच्या मंजूर यादीत नव्हते, बोलणारा ओळखीचा नव्हता आणि मात्रा दुप्पट होती. बावीसपैकी एकवीस परिचारिका औषध घेऊन रुग्णाकडे निघाल्या. निरीक्षकाने त्यांना वाटेत थांबविले. याउलट ज्यांना केवळ तोंडी विचारले की अशा प्रसंगी आपण काय कराल, अशा बारा परिचारिकांपैकी दहांनी आणि एकवीस विद्यार्थिनींपैकी सर्वांनी सांगितले की आम्ही देणार नाही. वर्गातील बाणेदार उत्तर आणि वॉर्डातील हात यांच्यातील हे अंतर कोणत्याही प्राध्यापकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या प्रयोगाचा उल्लेख बहुधा येथेच संपविला जातो आणि परिचारिका आज्ञाधारक असतात असे अनुमान काढले जाते. ते मला अन्यायाचे वाटते, कारण १९७७ साली रँक आणि जेकबसन यांनी हाच प्रयोग थोडा बदलून केला तेव्हा निष्पत्ती उलटी निघाली. या खेपेस औषध परिचयाचे होते, व्हॅलियम. मात्रा स्पष्टच अवाजवी होती. हुकूम देणारे नाव त्याच रुग्णालयातील ज्ञात डॉक्टरांचे होते. आणि परिचारिकांना सहकाऱ्यांशी बोलण्याची मुभा होती. अठरांपैकी सोळा जणींनी औषध दिले नाही. दोन्ही प्रयोगांतील स्त्रियांच्या स्वभावात दहा-अकरा वर्षांत क्रांती झाली असेल असे मी मानत नाही. फरक पाडला तो मुख्यतः दोन मुद्द्यांनी: औषधाची ओळख, आणि शेजारच्या सिस्टरला ‘जरा हे पाहतेस का?’ असे म्हणता येणे. हुकुमाची शहानिशा धैर्यावर जितकी अवलंबून वाटते तितकी नाही. ती औषधाच्या परिचयावर आणि सोबतीवर अधिक अवलंबून आहे. ज्या वॉर्डात रात्री चाळीस रुग्णांमागे एकच सिस्टर असते तेथे तिच्याकडून धैर्याची अपेक्षा करणारे परिपत्रक काढणे सोपे, आणि दुसरी सिस्टर नेमणे खर्चाचे.

आता त्या बुधवारच्या सकाळकडे वळू. आठ वाजून पाच मिनिटे झाली आहेत आणि सिस्टरला संशय आला आहे. तिने प्रथम करावयाचे ते इतकेच की डोस तहकूब ठेवावयाचा. रद्द करावयाचा नाही, स्वतःच्या अखत्यारात ‘ओडी’ खोडून ‘साप्ताहिक’ लिहावयाचे नाही, आणि तडजोड म्हणून निम्म्या गोळ्या द्यावयाच्या नाहीत. ही तिसरी चूक वाचकास हास्यास्पद वाटेल, पण भिडेपोटी ती घडते. तहकूब ठेवण्यापूर्वी मात्र थांबण्याची किंमत तोलावी लागते. मेथोट्रेक्सेटची मात्रा काही तास किंवा एक दिवस पुढे गेल्याने संधिवाताच्या रोग्याचे काही बिघडत नाही. म्हणून येथे थांबणे निर्धास्त. हीच शंका रक्तात जंतुविष पसरलेल्या रुग्णाच्या प्रतिजैविकाविषयी किंवा फेफऱ्याच्या औषधाविषयी आली असती तर खाटेजवळून हलण्यापूर्वीच दूरध्वनी उचलावा लागला असता, कारण तेथे विलंब हीच इजा.

मग डॉक्टरांना कळवावयाचे. आणि येथे बहुतेक प्रकरणे फसतात ती अशी, की सिस्टर विचारते, ‘सर, ते मेथोट्रेक्सेट द्यायचं का?’ आणि तीन रात्री जागलेले निवासी डॉक्टर उत्तरतात, ‘लिहिलंय ना? मग द्या.’ दोघांपैकी कोणीही खोटे बोललेले नाही. पण प्रश्नात संशय नव्हता म्हणून उत्तरात विचार आला नाही, आणि आता त्या चुकीवर दुसऱ्यांदा शिक्कामोर्तब झाले. बाई विद्यार्थिनींकडून जे बोलणे घोटवून घेतात ते साधारण असे: ‘डॉक्टर, स्त्री वैद्यकीय वॉर्डातून सिस्टर बोलते आहे. काल रात्री दाखल झालेल्या संधिवाताच्या बाईंविषयी फोन केला. त्यांच्या शीटवर मेथोट्रेक्सेट पंधरा मिलिग्रॅम रोज असे आहे. त्या घरी ते दर सोमवारी एकदाच घेतात, परवा घेतलं आहे, जुना कागद माझ्यासमोर आहे. क्रिॲटिनिन एक पूर्णांक नऊ आहे आणि सोबत को-ट्रायमोक्साझोल लिहिलेलं आहे. मी दोन्ही औषधं दिलेली नाहीत. संसर्गासाठी दुसरं काय द्यायचं ते लगेच सांगा, आणि येऊन शीट दुरुस्त करा.’ यात आरोप नाही, विनवणीही नाही. कोण बोलते, कोणाविषयी, काय दिसते, काय केले आणि आपल्याकडून काय हवे, एवढेच आहे. आणि हे ऐकून ‘लिहिलंय ना’ म्हणणे कोणासही कठीण जाते. या पद्धतीस इंग्रजी आद्याक्षरांचे एक नाव आहे आणि ती अमेरिकन आरमारातून रुग्णालयांत आली असे सांगतात. परंतु नाव ठाऊक नसलेल्या जुन्या मेट्रनही याच क्रमाने बोलत असत.

उत्तरादाखल तोंडी हुकूम मिळाला तर तो लिहून घेऊन वाचून दाखवावयाचा आणि ‘बरोबर’ असे डॉक्टरांच्या तोंडून ऐकावयाचे. आकडा सुटा करून म्हणावा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ हे फोनवर जुळ्या बहिणींसारखे ऐकू येतात, म्हणून ‘वन-फाइव्ह’. तोंडी हुकूम ही आणीबाणीची सोय आहे, शिरस्ता नव्हे, आणि सही ठरलेल्या मुदतीत घ्यावयाची असते.

वर्गात हमखास विचारला जाणारा प्रश्न पुढचा: ‘मॅडम, आणि सर म्हणाले, मला शिकवू नका, द्या, तर?’ पुष्कळजणी यावर ‘मग सर, तुम्हीच येऊन द्या’ असे उत्तर सुचवितात, आणि त्यावर वर्गात टाळी पडते. बाईंना ते मान्य नाही. ते उत्तर सिस्टरला वाचवते, रुग्णाला वाचवीत नाही. डॉक्टर खरेच आले आणि सहा गोळ्या देऊन गेले तर? संशय गंभीर असेल तर तो वर न्यावा लागतो: इन्चार्ज सिस्टर, औषधनिर्माता, रजिस्ट्रार, युनिटचे प्रमुख, रात्री असिस्टंट मेट्रन आणि कर्तव्यावरील वैद्यकीय अधिकारी. ‘सर, मी आता रजिस्ट्रारना फोन करते आहे’ असे आधी सांगून करावा. पाठीमागे केलेली तक्रार आणि समोर सांगून घेतलेला दुसरा अभिप्राय यांत वॉर्डाच्या जिव्हाळ्याचा फरक आहे. दरम्यान डोस थांबलेलाच राहतो, आणि पाळी बदलली तर ओव्हर देताना ही गोष्ट पहिल्या वाक्यात सांगावयाची. सकाळच्या सिस्टरने थांबविलेली मात्रा दुपारच्या सिस्टरने ‘राहून गेली’ समजून द्यावी, यासारखा दुर्दैवी प्रकार नाही.

नोंदही करावयाची, आणि तिची भाषा कोरडी हवी: अमुक वेळी अमुक मात्रा दिली नाही; कारण, रुग्णाच्या सांगण्यानुसार व जुन्या कागदानुसार साप्ताहिक सेवन, क्रिॲटिनिन इतके; अमुक डॉक्टरांना इतक्या वाजता कळविले; उत्तर असे मिळाले. ‘डॉक्टरांनी चुकीचे लिहिले’ हा शेरा केसपेपरात लिहू नये. तो निष्कर्ष आहे, निरीक्षण नव्हे, आणि त्याची जागा घटना-अहवालात आहे.

हे सारे वाचून हुकुमात काहीही असामान्य दिसले की औषध थांबविणे हेच शहाणपण, असा ग्रह होण्याचा संभव आहे, आणि तो महाराष्ट्राच्या ग्रामीण रुग्णालयांत घातक ठरेल. शेतात फवारण्याचे सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक पोटात गेलेला माणूस दाखल होतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. डॉक्टर ॲट्रोपिन सांगतात. हे औषध वॉर्डात सहसा ०.६ मिलिग्रॅमच्या कुपीत येते आणि एरवी एक कुपी म्हणजे भरपूर. येथे आरंभीच तीन मिलिग्रॅम, म्हणजे पाच कुप्या, पाच मिनिटांनी छाती मोकळी झाली नाही तर दहा, त्यानंतर वीस. नवशिक्या परिचारिकेचा हात या आकड्यांपुढे थरथरतो आणि ती ‘नक्की का?’ म्हणून विचारते. विचारणे योग्यच, पण उत्तर त्याच क्षणी खाटेपाशी मिळाले पाहिजे आणि कुप्या फोडणे चालू राहिले पाहिजे. कारण येथे औषध मोजावयाचे ते पाठ्यपुस्तकातील कमाल मात्रेने नव्हे, तर छातीतील घरघर थांबली का, नाडी ऐंशीच्या वर गेली का आणि रक्तदाब सावरला का, यांवरून. आकडा भयंकर आणि हुकूम बिनचूक. आमच्या केसपेपरात आकडा सौम्य आणि हुकूम घातक. दोहोंचा निवाडा एकाच प्रश्नाने होतो, तो म्हणजे ‘कशासाठी?’, आणि म्हणूनच हुकुमात औषधासोबत कारण लिहिण्याची पद्धत पडावी असे जे तज्ज्ञ म्हणतात त्यांची बाजू मला बळकट वाटते. ‘मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, संधिवातासाठी, दर सोमवारी’ या ओळीत चूक लपण्यास जागाच राहत नाही.

आणि डोस आधीच गेले असतील तर? समजा सिस्टरला ही गोष्ट शनिवारी लक्षात आली, तीन मात्रा पोटात गेल्यावर. मग लपविण्यात गमावलेला प्रत्येक तास रुग्णाच्या मज्जेतून वसूल होतो. औषध बंद, डॉक्टरांना तत्काळ वर्दी, रक्तपेशींची गणना आणि मूत्रपिंडांची तपासणी, आणि फोलिनिक आम्लाची इंजेक्शने शक्य तितक्या लवकर. फोलिक नव्हे, फोलिनिक. मेथोट्रेक्सेटने अडविलेल्या विकरातून गेल्याखेरीज फोलिक आम्ल उपयोगी पडत नाही, आणि फोलिनिक आम्ल तो अडथळा ओलांडलेलेच असते. दोन्ही नावे कपाटात शेजारी असतात, म्हणून येथेही चिठ्ठी तीनदा वाचावयाची. सुरुवातीस रक्ततपासणी निर्दोष आली तरी निर्धास्त होऊ नये; पेशी घसरण्यास कित्येक दिवस लागतात, म्हणून तपासणी पुनःपुन्हा करावी लागते, आणि रुग्णाच्या तोंडात रोज बॅटरी लावून पाहावे लागते.

शेवटचा धोका घरी जाताना असतो. डिस्चार्ज कार्ड लिहिताना वॉर्डातील शीटच उतरविली जाते, आणि दुरुस्त केलेली ‘ओडी’ जुन्या पानावरून पुन्हा वर येऊ शकते. बाईंच्या वर्गात त्यासाठी निराळा कागद आहे. त्यावर विद्यार्थिनींनी मराठीत, रुग्णाच्या मुलाला वाचता येईल अशा अक्षरांत लिहावयाचे असते: सोमवारी सहा गोळ्या, इतर कोणत्याही दिवशी नाही, तोंड आले किंवा ताप आला तर पुढच्या सोमवारी न घेता दवाखान्यात यावे, मेथोट्रेक्सेट चालू आहे हे इतर कोणत्याही डॉक्टरांना आणि केमिस्टला सांगावे. गेल्या वर्षी एका मुलीने त्याखाली पाकिटावर पेनाने ‘सोम’ असे मोठे लिहून द्यावे अशी सूचना जोडली होती, आणि बाईंनी ती कागदाच्या छापील मजकुरात घेतली आहे.